निब खरं बोलते की क्लिप? दोन फोटो, एक निर्णय

भाच्याने इतवारीतल्या जुन्या सामानाच्या दुकानातून दोन फाउंटन पेनांचे जवळून काढलेले फोटो पाठवले. खाली एकच ओळ: "मामाजी, कोणता घेऊ?"

पहिल्या पेनाची क्लिप बाणाची आहे. वर पिसं, खाली टोक. ही पार्करची ओळख, १९३३ पासूनची. निबवर मात्र 'इरिडियम पॉइंट जर्मनी' असं कोरलंय. ही अक्षरं कुठल्याच एका ब्रँडची नाहीत, कितीतरी कंपन्यांच्या स्वस्त पेनांत अशा निबा सापडतात. मग विश्वास कोणावर ठेवायचा? मी क्लिपवर ठेवेन. निब बोटांनी ओढून बदलता येते, टोपीत पक्की बसवलेली क्लिप सहसा कुणी बदलत नाही. म्हणजे टोपी बहुधा पार्करची, निब नंतर बसवलेली. बाणाच्या नकलाही भरपूर निघाल्या, म्हणून टोपीच्या काठालगतची बारीक अक्षरं दिसतील असा आणखी एक फोटो मागवला.

दुसऱ्यात नेमकं उलट. क्लिपच्या टोकाला गोळी आहे, पण गोळीची क्लिप पायलटने वापरली तशी शेफरनेही, त्यामुळे तिच्यावरून काहीच ठरत नाही. शेफर असता तर क्लिपच्या वर पांढरा ठिपका शोधला असता, जरी तो त्यांच्या सगळ्याच पेनांवर नसतो. इथे निब बोलते: 'पायलट', खाली '१४के-५८५', मग आकाराचा ५ आणि बारीक टोकाचं इंग्रजी 'एफ'. ५८५ म्हणजे हजारात ५८५ भाग सोनं, तेच १४ कॅरट. दोन्ही आकडे जुळतात, हे चांगलं लक्षण. '१८के'च्या पुढे 'जीपी' असतं तर तो नुसता मुलामा. मुलामा चिरेजवळ किंवा कडांना झिजला की खालचं पांढरं स्टील दिसतं, तेवढी जागा फोटो मोठा करून बघायची.

आता फोटोचीच भानगड. मोबाइलच्या फ्लॅशने निब आरशासारखी चमकते आणि कोरीव अक्षरं गायब होतात. भाच्याला सांगितलं, फ्लॅश बंद कर, निब ओल्या फडक्याने पूस आणि खिडकीचा उजेड बाजूने पडेल असं धरून दोन कोनांतून फोटो काढ. वाळलेली शाई अक्षरांत भरली तर 'पायलट'सुद्धा वाचता येत नाही.

पार्कर ५१ सारखी झाकलेली निब असती तर निबेचा प्रश्नच नव्हता, तिचं जेमतेम टोक दिसतं. चिनी हीरोचे पेन तसेच दिसतात. तिथे क्लिपपेक्षा टोपीवरची लिपी बघावी.

मी दुसरा घ्यायला सांगितला. पहिला हवाच असेल तर पार्करच्या नावाचे नाही, निब बदललेल्या पेनाचे पैसे द्यायचे. दुकानदार बाणाकडे बोट दाखवेल, आपण निबेकडे दाखवायचं.