काजूगराचा दर: ‘सरासरी’ शीट धरायची की ‘लॉट’ शीट?

सर,

फाइल सोबत जोडली आहे. पार्टीला दर कळवण्याआधी एवढं वाचा, कारण दोन शीट एकाच मालाचे दोन दर दाखवतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत.

दोन्हीकडे बी १५० रुपये किलो आणि प्रक्रियेचा खर्च बीच्या किलोमागे ३० रुपये धरला आहे. नफा विक्रीच्या दरावर १०% आहे, खर्चावर नाही. सूत्र असं:

```
=(B2+B3)/B4/(1-B5)
```

फरक फक्त B4 मध्ये, म्हणजे उताऱ्यात. ‘सरासरी’ शीटमध्ये मी २५% टाकलाय. त्याने गर ७२० रुपयांना पडतो आणि दर ८०० येतो. ही शीट सोपी, दर महिनाभर टिकतो, दुकानदारांच्या दरपत्रकाला चालते. पण उतारा २३% वर आला की तोच गर जवळपास ७८३ ला पडतो आणि ८०० ला विकून किलोमागे जेमतेम १७ रुपये उरतात. शीट हे सांगत नाही, ती ८०० च दाखवत राहते.

‘लॉट’ शीटमध्ये उतारा कटिंग टेस्टमधून येतो. मात्र टेस्टचा गर ओलसर आणि सालीसकट असतो, म्हणून त्यातून १०% घट वजा केली आहे. परवाच्या लॉटला टेस्ट २७% आली, म्हणजे हाती २४.३%, आणि दर ८२३. ही १०% घट माझा अंदाज आहे, वजनकाट्यावर ताडलेली नाही. शिवाय नमुना पोत्याच्या वरच्या थरातलाच घेतला असेल तर सगळं मुसळ केरात. दर लॉटला दर बदलणार हेही आलंच. पार्टीला ते रुचत नाही.

एक गोष्ट मात्र दोन्ही शीटमध्ये नाही, आणि मला सगळ्यात जास्त धास्ती तिचीच आहे: तुकडा. ८०० हा सरसकट गराचा दर आहे. समजा १०० किलो बीतून २५ किलो गर निघाला, त्यात ७ किलो तुकडा ६०० ने गेला. मग २०,००० रुपये जमवायला उरलेला १८ किलो अख्खा गर ८७८ ने विकावा लागतो. तेव्हा W320 ला ८०० सांगू नका, शीट उघडी दिसली तरी. प्रतवारीचा हिशेब अजून बसवायचाय.

दिवाळीच्या मोठ्या ऑर्डरला, बी गोदामात आलेली असेल तर, मी ‘लॉट’ शीट धरेन. दरपत्रकाला ‘सरासरी’, पण B4 मध्ये २५ ऐवजी २३% टाकून. दर ८७० येईल, थोडी गिऱ्हाईकं कुरकुरतील. टरफलाचे पैसे कुठेच धरलेले नाहीत, ते वरकड समजा.

पिवळ्या खणांतले आकडे बदलले तर चालतील. बाकीच्यांना हात लावण्याआधी मला एक फोन करा.