हॉस्टेल मेसचं चिकन आणि अंडी: एक सत्र जेवल्यानंतरचा अनुभव आणि आम्ही दिलेलं तक्रारपत्र

आमच्या कोल्हापुरातल्या हॉस्टेलची मेस या सत्राच्या सुरुवातीपासून नव्या कंत्राटदाराकडे आहे. मी मेस कमिटीवर आहे, त्यामुळे ताटाबरोबर भटारखानाही रोज बघतो. चपाती, भाजी, आमटी ठीक असते. पण बुधवार-रविवारचं चिकन आणि सकाळची उकडलेली अंडी यांच्याबद्दल मात्र तक्रारपत्र देईपर्यंत एकही चांगला शब्द लिहावासा वाटत नव्हता. हे लिहितोय ते मुख्यतः दुसऱ्या हॉस्टेलांच्या कमिट्यांसाठी, कारण 'चिकन कच्चं आहे' एवढ्या वाक्यावर कुणी हलत नाही.

पहिले काही आठवडे मुलं ताट घेऊन थेट आचारीमामांकडे जायची. उत्तर ठरलेलं असायचं: "हाडापाशी लाल असतंयच की! कोंबडी हाय ती." राग यायचा, पण मामांचं म्हणणं खोटं नव्हतं. ब्रॉयलर कोंबडी साधारण सहा आठवड्यांची असताना कापतात. तिची हाडं पुरती घट्ट झालेली नसतात. मांस गोठवलं की हाडातला मगज झिरपून बाहेर येतो आणि शिजल्यावरही हाडाभोवती काळपट लाल डाग राहतो. उलट, पांढरं दिसणारं मांसही आतून पुरेसं तापलेलं नसू शकतं. म्हणजे रंग दाखवून केलेली तक्रार मालक पहिल्या मिनिटात उडवून लावणार. शिवाय आपल्याकडच्या तांबड्या रश्श्यात गुलाबी काय आणि शिजलेलं काय, फोड फोडेपर्यंत कळतच नाही.

म्हणून कमिटीच्या पैशातून सुईवाला थर्मामीटर घेतला. आधी तो बर्फाच्या पाण्यात धरून शून्य दाखवतो का ते पाहिलं, मग उकळत्या पाण्यात. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच आहे, त्यामुळे इथं पाणी ९८ अंशांच्या जवळ उकळतं. तिथं १०० दिसले नाहीत म्हणून यंत्र बिघडलंय असं समजू नये. सुई मांडीच्या सगळ्यात जाड भागात खुपसायची, हाडाला टेकवायची नाही, कारण हाडाजवळचा आकडा फसवतो. प्रत्येक फोडीनंतर ती पुसून उकळत्या पाण्यात बुडवायची. कोंबडीच्या मांसाला आतपर्यंत ७४ अंश मिळाले की साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टरसारखे जुलाब-ताप देणारे जंतू मरतात. चिकन शिजलं की नाही, याचा खरा निकष हाच.

एका रविवारी वाढण्यापूर्वी मामांच्या समोरच मोजलं. टोपाच्या कडेच्या फोडी ८० च्या वर होत्या. मधल्या मांडीच्या फोडीत ५८ आले. शेजारची दुसरी फोड काढली, ती ६१. एकाच टोपातलं चिकन, त्यामुळे कुणाला चांगलं मिळायचं आणि कुणाचं पोट बिघडायचं. 'मला तर काही झालं नाही' असं निम्मी मुलं का म्हणतात तेही तेव्हा कळलं.

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. तेव्हाची पद्धत अशी होती: मालक आठवड्याचं चिकन एकदम स्वस्तात आणून डीप फ्रीजरमध्ये टाकतो. संध्याकाळी पाचच्या सुमारास पिशव्या बाहेर निघतात, तेव्हा आत अजून बर्फाचे गोळे असतात. ते तसेच मोठ्या टोपात मसाल्यावर पडतात. साडेसातला पंगत बसते. कडेचा रस्सा खदखदत असतो, मधला गठ्ठा तेवढ्या वेळात जेमतेम सुटलेला असतो, आणि तळाला लागेल या भीतीने कुणी खालपासून ढवळत नाही. गोठलेलं मांस फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, ५ अंशांच्या खाली, आदल्या दिवसापासून सुटायला ठेवावं लागतं. आणखी एक गोष्ट मला मनापासून खटकली. आपल्याकडे घरोघरी चिकन आधी हळद, मीठ, आलं-लसूण लावून, तिखट-मसाला न घालता अळणी शिजवून घेतात आणि त्याच पाण्यावर रस्सा करतात. तीच पायरी इथं गॅस वाचवायला गाळली होती. ती ठेवली असती, तर फोड मसाल्यात पडण्याआधीच शिजलेली असती.

अंड्यांचा प्रकार वेगळा आहे. बऱ्याच मुलांची तक्रार होती की बलकाभोवती हिरवट कडं दिसतं, म्हणजे अंडं शिळं. तो मुद्दा मी पत्रातून काढायला लावला. जास्त वेळ उकडलं की पांढऱ्यातला गंधक आणि बलकातलं लोह एकत्र येऊन ते कडं तयार होतं. ताज्या अंड्यालाही येतं. शिळेपणा दुसरीकडे दिसतो. अंड्याच्या रुंद टोकाला हवेची पोकळी असते, आतलं पाणी कवचातून उडत जाईल तशी ती वाढते. ताजं अंडं पाण्यात आडवं पडतं, जुनं उभं राहतं, फार जुनं तरंगतं. आमच्या भटारखान्यात ३० अंड्यांचे ट्रे भट्टीच्या शेजारी रचलेले असतात. त्यातला खालचा ट्रे घेऊन बादलीत सोडला तेव्हा बरीचशी अंडी उभी राहिली आणि चार तरंगली. तरंगणारं अंडं नासलेलंच असतं असं नाही, म्हणून ती चारही वेगळ्या वाटीत फोडली. त्यातल्या दोन अंड्यांचा वास शेजारच्या खोलीपर्यंत गेला.

त्याहून वाईट म्हणजे सकाळी उरलेली उकडलेली अंडी दिवसभर पातेल्यातल्या पाण्यात पडून रात्रीच्या अंडाकरीत जायची. उकडताना कवचावरचा संरक्षक थर निघून जातो, त्यामुळे उकडलेलं अंडं कच्च्यापेक्षा लवकर नासतं. दोन तासांत ते फ्रीजमध्ये गेलंच पाहिजे.

रेक्टरसरांना दिलेल्या पत्रात आम्ही 'निकृष्ट', 'अस्वच्छ' असे शब्द ठेवले नाहीत. तारीख, वेळ, कुठल्या टोपातली फोड, किती अंश, मोजताना कोण हजर होतं, एवढंच लिहिलं. मामांचं नाव कुठेही घातलं नाही. चिकन कधी आणायचं आणि गॅस किती जाळायचा हे मालक ठरवतो, मामा नाहीत. मागण्या तीन केल्या: चिकन त्याच दिवशीचं किंवा फ्रीजमध्ये पुरतं सुटलेलं असावं, वाढण्यापूर्वी टोपाच्या मधल्या दोन फोडी कमिटीसमोर मोजाव्यात, आणि अंड्यांच्या ट्रेवर आल्याची तारीख खडूने लिहावी. पत्राची एक प्रत मालकाला दिली. त्याचा १४ अंकी अन्न परवाना क्रमांक पत्रात नमूद केला, म्हणजे पुढे अन्न व औषध प्रशासनाच्या सहायक आयुक्तांकडे जायची वेळ आली तर नव्याने शोधाशोध नको.

एक सूचना देऊन ठेवतो. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ च्या कलम ४० खाली कुणीही ग्राहक फी भरून अन्न तपासून घेऊ शकतो. पण नमुना तपासायला देणार आहे हे विकत घेतानाच विक्रेत्याला सांगावं लागतं. उरलेलं चिकन डब्यात भरून दुसऱ्या दिवशी घेऊन गेलात तर त्या कलमाचा उपयोग होणार नाही.

पत्रानंतर चिकन सुधारलं आहे. रविवारी सकाळी ताजं येतं, अळणी शिजवलं जातं, आणि मधली फोड ८५ च्या खाली अजून आलेली नाही. मामा आता स्वतःच थर्मामीटर मागून घेतात. अंड्यांबाबत मालक अजून ऐकत नाही. तारीख दोन आठवडे लिहिली, मग बंद झाली, ट्रे अजून भट्टीशेजारीच आहेत. माझं मत विचाराल तर ते ट्रे हलेपर्यंत कंत्राट वाढवू नये, आणि पुढच्या बैठकीत कमिटीतर्फे मी तेच लेखी देणार आहे. तोवर धाकट्या मुलांना एवढंच सांगतो की चिकन खा, पण अंडाकरीच्या दिवशी भाजी घ्या.