बॅटरी बदलली, ‘सेल्फ बदलला’, दोष मात्र अर्थच्या पट्टीत

ज्यांची गाडी कधी एका झटक्यात चालू होते आणि कधी किल्ली फिरवल्यावर नुसतं ‘कट्’ करून गप्प बसते, त्यांनी गॅरेजमध्ये पैसे मोजण्याआधी हे वाचावं. मी दोनदा बिल भरलं आणि दोन्ही वेळा दोष जिथल्या तिथेच राहिला.

माझ्या गाडीला हा त्रास सुरू झाला तेव्हा बॅटरी तपासून घेतली. टेस्टरवर ती ठणठणीत निघाली. तरी मेकॅनिक म्हणाला, “मशीनवर चांगलीच दिसणार साहेब, लोड आला की बसते.” खरं तर तो टेस्टर बॅटरी लोड घेईल का, हेच सांगायला असतो. नवी बॅटरी बसली, जुनी त्याने ‘एक्स्चेंज’मध्ये ठेवून घेतली. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. मग त्याने सेल्फ गेल्याचं सांगितलं. संध्याकाळी काळाकुळकुळीत चकचकीत सेल्फ दाखवला, गाडी पटकन चालू करून दाखवली. जुना सेल्फ मागितला तर म्हणे, भंगारात गेला.

गाडी पुन्हा अडली तेव्हा मी दुसऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्याने काहीही न खोलता आधी मल्टिमीटर काढला. लाल पिन बॅटरीच्या प्लस खांबावर, काळी मायनसवर, आणि मला किल्ली फिरवायला सांगितली. ‘कट्’ झालं, सेल्फ फिरला नाही, पण व्होल्टेज ११.९ वर टिकून राहिलं. बॅटरी बसली असती तर आकडा धाडकन खाली आला असता. मग त्याने एक पिन मायनसच्या शिसाच्या खांबावर ठेवली (क्लॅम्पवर नाही) आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवली. पुन्हा किल्ली. मीटरवर ४.१ व्होल्ट! इथे ०.२-०.३ च्या वर आकडा गेला की अर्थिंगवर संशय घ्यायचा.

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून सेल्फचा करंट बॅटरीच्या मायनसकडे परत नेण्यासाठी इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत एक जाड विणलेली तांब्याची पट्टी असते, तीच अर्थची पट्टी. माझ्या गाडीत तिचा बॉडीकडचा बोल्ट सैल होता आणि पट्टीच्या टोकाच्या कडीखाली, म्हणजे लगखाली, हिरवट-पांढरी बुरशी धरली होती. दिव्यांना थोडाच करंट लागतो आणि त्यांचं अर्थिंग थेट बॉडीला असतं, म्हणून डॅशबोर्ड लख्ख पेटायचा. सेल्फला मात्र शंभर-दीडशे अँपिअर हवे. तिथे ओहमचा पन्नासावा भाग जरी आडवा आला तरी दीडशे अँपिअरला तीन व्होल्ट खाऊन जातो. इंजिन हललं, खड्डा बसला की लग कधी टेकायचा, कधी सुटायचा. कंटिन्युइटीच्या बीपवर म्हणूनच विसंबू नका. मीटर इतका कमी करंट सोडतो की एक तार शाबूत असली तरी तो आनंदाने वाजतो.

खात्री म्हणून त्याने जंपर केबलचं एक टोक मायनसला आणि दुसरं थेट इंजिनच्या धातूला लावलं. अर्ध्या फेऱ्यात गाडी चालू. ही चाचणी घरीही करता येते: गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, केबल बेल्ट आणि पंख्यापासून लांब.

मग त्याने टॉर्च सेल्फवर मारला. काळा रंग नुसता सेल्फवरच नव्हता, त्याच्या बोल्टांच्या डोक्यांवर होता, वायरच्या रबरी टोपीवर होता, शेजारच्या गिअरबॉक्सवरही तुषार उडाले होते. म्हणजे सेल्फ खाली उतरवलाच नव्हता, जागेवरच स्प्रे मारला होता! तो मारताना जवळची पट्टी हलली असणार, म्हणून गाडी काही दिवस धड चालली.

दुरुस्ती किरकोळ निघाली. आधी मायनस सोडला, लग आणि बॉडी दोन्ही पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासली, बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावलं. पट्टीचे धागे लगपाशी तुटले असते तर तेवढ्याच जाडीची नवी लागली असती. यानंतर सेल्फ मारताना बॅटरी १०.६ पर्यंत उतरली आणि अर्थचा ड्रॉप ०.१ वर आला. यात एक गंमत आहे: पट्टी दुरुस्त झाल्यावर व्होल्टेज आधीपेक्षा जास्त उतरतं, कारण आता सेल्फ खरा करंट ओढतो. एखादा हाच आकडा दाखवून बॅटरी विकायला बघेल, पण फिरणाऱ्या सेल्फला साधारण दहाच्या आसपास उतरणं ठीकच आहे.

रंगाचे फोटो घेऊन पहिल्या गॅरेजात गेलो. मालक आधी “पोराने घोळ घातला” म्हणाला, मग सेल्फचे पैसे परत दिले. बॅटरीचे दिले नाहीत. जुनी कुठे आहे, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.