पहिली दहा गिऱ्हाईके: दुकानदारामार्फत की एकाच गल्लीतून?

बेळगावच्या टिळकवाडीत इन्व्हर्टर-बॅटरीच्या देखभालीचे काम सुरू करणाऱ्या एका तरुणापुढे हा पेच आहे.

खर्च दोन्हीकडे जाहिरातीचा नाही. मात्र बॅटरी विकणारा दुकानदार प्रत्येक कामामागे आपला वाटा घेतो, तर गल्लीत पहिली दोन-तीन घरे ओळखीवर, केवळ डिस्टिल्ड वॉटरच्या किमतीत करून द्यावी लागतात.

वेगात दुकान सरस आहे, कारण तिथे तक्रार घेऊन माणूस स्वतःच येतो. टिकाऊपणात मात्र ते मागे पडते, कारण पुढचा फोनही दुकानालाच जातो. गल्लीत पाण्याची पातळी खुणेपर्यंत आणून, टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर साफ करून, पुढच्या तपासणीची तारीख मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहिलेली चिठ्ठी क्रमांकासह बॅटरीजवळ चिकटवली, की तीन महिन्यांनी तेच घर पुन्हा बोलावते. शेजाऱ्याचे नाव मात्र काम झाल्या झाल्या मागावे. नंतर कोणाला आठवत नाही.

महिन्याभरात हाती पैसा हवा असणाऱ्याने दुकान धरावे. थोडी कळ काढता येत असेल, तर गल्लीच बरी. खानापूरकडच्या विखुरलेल्या वस्तीत मात्र पेट्रोलच परवडणार नाही.