गूगल बिझनेस प्रोफाइल आणि पेड जाहिराती: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गूगल अ‍ॅड्समध्ये प्रोफाइलमधला दुकानाचा पत्ता जाहिरातीला जोडणारं लोकेशन अ‍ॅसेट लावलं की जाहिरात नकाशावरही दिसू लागते, पण तिथला क्लिक वेबसाइटवर जाईलच असं नाही. बरेच जण थेट प्रोफाइल उघडतात किंवा रस्ता विचारतात. अशा वेळी लँडिंग पेजवर केलेली मेहनत त्यांना दिसतच नाही. दिसतात ते फोटो, तारे आणि दुकान उघडं आहे की बंद. यात सर्वात जास्त पैसा वेळेच्या गोंधळात जातो, म्हणून त्याबद्दल सविस्तर.

प्रोफाइलमधली वेळ आणि जाहिरातीचं वेळापत्रक या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. प्रोफाइलमध्ये दुकान बंद दाखवलं म्हणून कॅम्पेन आपोआप थांबत नाही. नकाशावर 'बंद आहे' असा शेरा दिसत राहतो, जाहिरात चालू राहते आणि 'दिशा' बटणावरच्या क्लिकचे पैसे हेडलाइनच्या क्लिकसारखेच कापले जातात.

समजा, एक दुरुस्तीचं दुकान सकाळी 10 ते 1 आणि संध्याकाळी 4 ते 8 उघडं असतं, पण प्रोफाइलमध्ये सरळ 10 ते 8 लिहिलंय. दुपारी 2 वाजता कुणी जाहिरात बघून निघतो, तर शटर खाली. क्लिकचे पैसे गेले आणि वर एका ताऱ्याचा रिव्ह्यू पदरात पडला. पुढचे लोक जाहिरातीसोबत तोच उतरलेला सरासरी आकडा बघतात.

दुरुस्ती सोपी आहे. प्रोफाइलमध्ये एकाच दिवसाला दोन वेळा देता येतात, त्या द्याव्यात. मग कॅम्पेनच्या अ‍ॅड शेड्यूलमध्ये तेच दोन तुकडे टाकावेत, फक्त शेवट जरा अलीकडे ओढून: 1 ऐवजी 12:30, 8 ऐवजी 7:30. शेवटच्या अर्ध्या तासात क्लिक करणारा पोहोचेपर्यंत कुलूप लागलेलं असतं. शेड्यूल 15 मिनिटांच्या टप्प्यांत लावता येतं आणि दिवसाला सहा तुकडे चालतात, त्यामुळे जागा पुरते. ज्यांना बंद वेळेतही फॉर्म किंवा ऑनलाइन बुकिंग हवं आहे, त्यांनी लोकेशन अ‍ॅसेट नसलेलं वेगळं कॅम्पेन त्या वेळेत चालवावं. शेड्यूल मात्र अ‍ॅड्स खात्याच्या टाइम झोनप्रमाणे चालतं. खातं दुसऱ्या टाइम झोनमध्ये उघडलेलं असेल तर सगळे तुकडे सरकतात, आणि कुठेही लाल खूण येत नाही.

बंद वेळेत जाहिरातीवर क्लिक होतायत का, ते पाहायला कॅम्पेन रिपोर्टमध्ये आधी `Segment → Time → Hour of day` लावा. बंद तासांत क्लिक दिसले तर `Segment → Click type` पाहा: `Driving direction` आणि `Get location details` किती आहेत ते कळतं. बंद वेळेत लोक रस्ता विचारत असतील तर वेळापत्रक चुकलंय, कीवर्डला दोष देऊ नका.

सणासुदीच्या सुट्टीला नेहमीची वेळ बदलू नका, 'विशेष वेळ' भरा आणि त्या दिवसापुरतं कॅम्पेन हाताने थांबवा. नेहमीची वेळ बदलली की परत पूर्ववत करायची राहते, हा ठरलेला घोटाळा. शिवाय नकाशा वापरणारा कुणीही वेळेत बदल सुचवू शकतो आणि तो कधीकधी स्वीकारलाही जातो. आठवड्यातून एकदा प्रोफाइल बाहेरून, दुसऱ्या फोनवरून पाहिलेलं बरं.

फोटोंबद्दल थोडक्यात: JPG किंवा PNG, 5 MB च्या आत, 720 × 720 पिक्सेल शिफारस केलेलं माप. आतल्या चकाचक फोटोंपेक्षा बाहेरचे कामाचे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पाटी कशी दिसते ते, एक दिवसा आणि एक दिवे लागल्यावर. कव्हर म्हणून निवडलेला फोटोच पहिला दिसेल याची खात्री नसते आणि ग्राहकांनी टाकलेला फोटो आपल्याला काढता येत नाही, फक्त तक्रार करता येते.

रिव्ह्यूच्या उत्तरांनी जाहिरातीचा क्लिक स्वस्त होतो असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. उत्तर त्या एका ग्राहकापेक्षा पुढच्या शंभर वाचणाऱ्यांसाठी असतं, म्हणून कामाची गोष्ट पहिल्याच ओळीत यावी. 'दुपारी बंद होतं' या तक्रारीला 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत' हे उत्तर फुकट जातं. त्याऐवजी: 'दुपारी 1 ते 4 दुकान बंद असतं, नकाशावर ही वेळ चुकीची होती, आज दुरुस्त केली. गैरसोयीबद्दल माफ करा.' ग्राहकाचा नंबर, बिलाची रक्कम, आजार यातलं काहीही उत्तरात लिहू नये. सवलत देऊन रिव्ह्यू मागणं नियमांत बसत नाही.

एकापेक्षा जास्त शाखा असतील तर अजून एक खाचखळगा: खात्याच्या पातळीवर जोडलेलं लोकेशन अ‍ॅसेट सगळ्या कॅम्पेनना लागतं. एका शाखेच्या ऑफरवर दुसऱ्याच शाखेचा पत्ता झळकतो. लोकेशन ग्रुप करून प्रत्येक कॅम्पेनला त्याचाच ग्रुप द्यावा लागतो.