पॅरासिटामॉल दोनदा दिलं गेलं: थेट कॅज्युअल्टी की आधी फोन?

तापलेल्या मुलाला आजीने सिरप पाजलं आणि अर्ध्या तासात आईनेही पाजलं. आमच्या घरी हेच झालं. मुलाला उचलून आम्ही थेट कॅज्युअल्टी गाठली. तिथे खटकलं ते एवढंच: पॅरासिटामॉलची रक्तातली पातळी औषध घेतल्यापासून चार तास झाल्याशिवाय नीट कळत नाही. तोवर तापलेलं पोर गर्दीत बाकावर. शेवटी डॉक्टरांनी कागदावर एक गुणाकार-भागाकार केला आणि घरी पाठवलं.

तो हिशेब फोनवरही होतो. समजा, मूल १२ किलोचं आहे आणि दोन्ही वेळा साडेसात मिली दिलं. बाटली ५ मिलीत १२० मिलिग्रॅमची असेल, तर एकूण ३६० मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे ३०. नेहमीचा एक डोस किलोमागे १५ पर्यंत असतो, त्यामुळे हा बरोबर दुप्पट. ५ मिलीत २५० वाली बाटली असेल, तर तेच माप किलोमागे ६२ च्या पुढे जातं. आणि १ मिलीत १०० मिलिग्रॅमचे ड्रॉप्स असतील, तर १२५! म्हणून चमचे मोजण्याआधी लेबल वाचा. सर्दीच्या औषधातही पॅरासिटामॉल असतं, तेही धरा. गेल्या २४ तासांतलं सगळंच धरा.

मग वजन, एकूण मिलिग्रॅम आणि दोन्ही वेळा सांगून मुलांच्या डॉक्टरांना फोन. ते उचलत नसतील तर दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र, १८०० ११६ ११७. ते चोवीस तास सुरू असतं.

कॅज्युअल्टीची बाजू मात्र काही बाबतींत निर्विवाद जड आहे. आकडा किलोमागे ७५ च्या वर गेला, किती दिलं तेच आठवत नाही, बाळ तीन महिन्यांच्या आतलं आहे, यकृताचा आजार आहे, दोन-तीन दिवस जास्तच डोस जात होता, किंवा मूल उलट्या करतंय, मलूल आहे, तर फोनवर वेळ घालवू नका, बाटली घेऊन निघा. फोन लागलाच नाही, तरीही निघा.

घरी बसून लक्षणांची वाट पाहणं हा पर्याय मी धरतच नाही. यकृताला इजा होत असली तरी पहिला दिवस मूल खेळतं-खातं राहू शकतं, आणि एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा आठ तासांच्या आत सुरू झाला तर सर्वात चांगला लागू पडतो. मीठपाणी पाजून उलटी काढायला लावू नका.

किलोमागे ३० सारखा आकडा असेल आणि मूल एरवी ठणठणीत असेल, तर माझा कल फोनकडेच. ब्रिटनच्या एनएचएसचा सल्ला असा की एक डोस चुकून जास्त गेला तर पुढचे २४ तास पॅरासिटामॉल देऊ नये. तेवढ्यात ताप चढला तर काय द्यायचं, हे त्याच फोनवर विचारून घ्या.