शब्द शोधून मोजावे की वाचून विषय लावावा? ग्राहकांच्या प्रतिक्रियांचा तक्ता करताना आलेला अनुभव

सांगलीत आमचा भडंगाचा घरगुती व्यवसाय आहे. गेल्या दिवाळीच्या हंगामानंतर व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप, मागणीच्या फॉर्ममधला अभिप्रायाचा रकाना आणि दुकानातली वही, हे सगळे एकत्र केल्यावर २४० प्रतिक्रिया हाती आल्या. त्यांचा एका पानात मावेल असा तक्ता हवा होता: लोक कोणत्या विषयांवर बोलतात, प्रत्येक विषयावर किती जण बोलले आणि त्या विषयाचे नेमके म्हणणे सांगणारे एखादे मूळ वाक्य. स्प्रेडशीट ज्यांना वापरता येते त्यांच्यासमोर अशा वेळी दोन वाटा असतात. एक म्हणजे ठरावीक शब्द सूत्राने शोधून मोजणे आणि दुसरी म्हणजे प्रत्येक प्रतिक्रिया वाचून तिला हाताने विषय लावणे. मी दोन्ही करून पाहिल्या. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच, पण पहिल्या वाटेबद्दलही चार चांगल्या गोष्टी सांगण्यासारख्या आहेत.

तिसरी वाट चिठ्ठ्यांची आहे. प्रत्येक प्रतिक्रिया वेगळ्या कागदावर लिहायची आणि सारख्या वाटणाऱ्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे करायचे. जिरो कावाकिता या जपानी मानववंशशास्त्रज्ञांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. तीस-चाळीस प्रतिक्रियांसाठी ती उत्तम आहे, परंतु एकाच चिठ्ठीत दोन विषय आले की ती कोणत्या गठ्ठ्यात ठेवायची हा प्रश्न उरतो आणि पंखा सुरू झाला की सगळेच प्रश्न एकदम सुटतात. त्यामुळे तिचा विचार मी लवकरच सोडला.

सूत्राची वाट सुरुवातीला फारच मोहक वाटते. सर्व प्रतिक्रिया एका स्तंभात, प्रत्येक विषयासाठी दोन-तीन शब्द आणि शेजारी मोजणी. एका दुपारी काम संपते. पुढच्या हंगामात नव्या प्रतिक्रिया चिकटवल्या की आकडे आपोआप बदलतात, ही सोय मला आजही हवीशी वाटते. दराबद्दल किती जण बोलले हे पाहण्यासाठी मी असे सूत्र लिहिले:

```
=COUNTIF(B2:B241,"*दर*")
```

उत्तर आले ४१. आम्ही त्या वर्षी अर्ध्या किलोमागे दर वाढवला होता, त्यामुळे आकडा पाहून घरात शांतता पसरली आणि दर पूर्ववत करावा का याची चर्चाही सुरू झाली. सुदैवाने तक्त्यात घालायला एक बोलके वाक्य हवे होते म्हणून मी त्या ४१ ओळी उघडल्या. त्यांपैकी १९ ओळींत ‘सुंदर’ हा शब्द होता. ‘सुंदर’मध्ये ‘दर’ लपलेला असतो हे शाळेत कोणी सांगितले नव्हते. सहा ओळींत ‘दरवेळी’ किंवा ‘दरवर्षी’ होते, म्हणजे हे आमचे सर्वांत जुने ग्राहक, आणि दोन ओळींत ‘दरम्यान’ होते. खरोखर दराविषयीच्या ओळी फक्त १४ निघाल्या. चवीचेही तेच झाले. ‘वेळेत पोचवले’ असे लिहिणारे सगळे चवीच्या खात्यात जमा झाले होते, कारण ‘पोचवले’मध्ये ‘चव’ आहे.

यावर सुचणारा उपाय म्हणजे शब्दाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा ठेवून शोधणे:

```
=COUNTIF(B2:B241,"* दर *")
```

आता ‘सुंदर’ गेले, पण त्याबरोबर ‘दरात’, ‘दराने’, ‘दराला’ हेही गेले. ‘दर’नंतर लगेच पूर्णविराम आलेल्या आणि याच शब्दाने सुरू होणाऱ्या प्रतिक्रियाही गेल्या. आकडा ४१ वरून ३ वर आला. माझा निर्णय ज्या त्रासाने झाला तो हाच. मराठीत विभक्तीचा प्रत्यय शब्दाला चिकटून येतो आणि चिकटताना पुष्कळदा शब्दाचे रूपही बदलतो. ‘पाकीट’ शोधले तर ‘पाकिटात’ सापडत नाही, कारण दीर्घ ईकार ऱ्हस्व झालेला असतो. ‘गूळ’ शोधला तर ‘गुळाचा’ सापडत नाही. शब्द तोडून शोधावा तर नको ते येते, पूर्ण शोधावा तर हवे ते जाते. प्रत्येक विषयासाठी शब्दरूपांची यादी वाढवत नेता येते, मी ती काही काळ वाढवलीही, पण निम्मे ग्राहक मराठी रोमन लिपीत लिहितात आणि तेही प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने, हे लक्षात आल्यावर ती यादी मी बंद केली.

याहून खोल अडचण नकाराची आहे. ‘कुरकुरीत’ हा शब्द मी कौतुकाच्या यादीत टाकला होता. ‘दोन दिवससुद्धा कुरकुरीत राहत नाही’ ही तक्रार त्यामुळे कौतुकात मोजली गेली. मराठीत नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतो आणि मधे कितीही शब्द बसू शकतात, म्हणून सूत्राला तो पकडणे कठीण जाते.

दुसऱ्या वाटेचा खर्च उघड आहे. २४० प्रतिक्रिया वाचून विषय लावायला मला दोन संध्याकाळी मिळून चारेक तास लागले. पहिल्या साठ प्रतिक्रिया कोणताही विषय आधी न ठरवता नुसत्या वाचल्या आणि लोक जे म्हणतात त्यावरून १४ विषयांची कच्ची यादी केली. त्यांतले सारखे वाटणारे एकत्र करून नऊ राहिले आणि मग पहिल्या साठपासून पुन्हा सुरुवात केली. ही पुन्हा सुरुवात टाळण्याचा मोह होतो, पण ती टाळता येत नाही, कारण शेवटी ठरलेले विषय सुरुवातीच्या प्रतिक्रियांना लावलेलेच नसतात.

नोंद ठेवण्यात मी एक चूक केली, ती इतरांनी करू नये. एका प्रतिक्रियेत दोन विषय असतील तर ते एकाच चौकटीत स्वल्पविराम देऊन लिहिले. पिव्होट तक्त्याने ‘दर, सादळणे’ हा स्वतंत्र विषय मानला आणि मोजणी विस्कटली. नंतर प्रत्येक विषयासाठी वेगळी ओळ केली आणि प्रत्येक ओळीत प्रतिक्रियेचा क्रमांक ठेवला. २४० प्रतिक्रियांच्या २५९ ओळी झाल्या. टक्केवारी मात्र २४० वर काढावी लागते, कारण प्रश्न ‘किती प्रतिक्रियांत हा विषय आला’ असा असतो. एकाच प्रतिक्रियेने एकच गोष्ट तीनदा म्हटली असली, तरी ती एकदाच मोजावी.

शेवटी तयार झालेल्या तक्त्याचा वरचा भाग असा होता:

| विषय | प्रतिक्रिया (२४० पैकी) | मूळ वाक्य |
|---|---|---|
| फोडलेले पाकीट बंद करता येत नाही, भडंग सादळतो | ५२ | ‘भडंग एक नंबर, पण पाकीट फोडलं की दुसऱ्या दिवशी सादळतोय. बंद करायला काहीच नाही.’ (क्र. ८७) |
| दर वाढल्याची कुरकुर | ३३ | ‘मागच्या वर्षीच्या मानाने अर्ध्या किलोला जरा जास्तच घेतले.’ (क्र. १४२) |
| तिखटपणा मुलांना झेपत नाही | २७ | ‘लसूण छान लागला, पोरांना तिखट झालं.’ (क्र. ३१) |
| पार्सल उशिरा पोचले | २१ | ‘दिवाळी झाल्यावर पुण्यात पार्सल आलं.’ (क्र. २०३) |

दुसऱ्या ओळीतले वाक्य पाहावे. त्यात ‘दर’, ‘भाव’, ‘किंमत’, ‘महाग’ यांपैकी एकही शब्द नाही. दराविषयीच्या ३३ प्रतिक्रियांपैकी माझ्या सूत्राला फक्त १४ सापडल्या होत्या आणि तरीही त्याने दर हाच सर्वांत मोठा प्रश्न ठरवला होता.

पहिल्या ओळीचे नाव आधी नुसते ‘पॅकिंग’ होते. नुसत्या नामाने काय करावे हे कळत नाही; बारावे वाक्य वाचेपर्यंत माझाही समज असा होता की पाकिटाचे सील कच्चे आहे. वाचता वाचता ध्यानात आले की बंद पाकिटाबद्दल कोणाचीच तक्रार नाही, फोडल्यानंतर ते मिटता येत नाही ही तक्रार आहे. सीलचे यंत्र बदलण्याचा खर्च त्यामुळे वाचला आणि पट्टी दाबून बंद होणारी पाकिटे घेतली. मूळ वाक्य निवडताना सर्वांत झणझणीत वाक्य घ्यावेसे वाटते, परंतु मी त्या विषयातले बहुतेक जण जे म्हणतात तेच म्हणणारे वाक्य घेतो, शुद्धलेखन न सुधारता आणि नाव न देता.

हाताने लावलेल्या विषयांवरही आंधळा विश्वास ठेवू नये, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. मी ३० प्रतिक्रिया वहिनींना दिल्या आणि माझे विषय न दाखवता लावायला सांगितले. २६ जुळल्या. न जुळलेल्या चारही प्रतिक्रिया ‘सादळणे’ आणि ‘माल ताजा नसणे’ यांच्या सीमेवरच्या होत्या. मग आम्ही नियम लिहिला: पाकीट फोडल्यानंतरची तक्रार असेल तर सादळणे, फोडतानाच मऊ लागले असेल तर ताजेपणा. त्या नियमाने त्या दोन विषयांच्या सर्व ओळी पुन्हा तपासल्या.

सूत्र मी पूर्णपणे टाकून दिलेले नाही. विषय लावून झाल्यावर ‘सादळ’ हा तुकडा शोधला तेव्हा थकव्यात नजरेतून सुटलेल्या तीन प्रतिक्रिया सापडल्या. ४९ चे ५२ त्यामुळेच झाले. मोजण्यासाठी नव्हे, तर वाचणाऱ्यावर नजर ठेवण्यासाठी ते चांगले आहे. तुमच्याकडे हजारो प्रतिक्रिया असतील, किंवा प्रश्न फक्त एखाद्या विशिष्ट मालाचे नाव किती वेळा आले एवढाच असेल, तर सूत्रापासूनच सुरुवात करणे कदाचित शहाणपणाचे ठरेल. मात्र प्रत्येक शब्दाच्या निदान वीस ओळी उघडून पाहाव्यात. चारशे-पाचशेपर्यंत प्रतिक्रिया असतील तर मला तरी वाचणेच स्वस्त पडते.

आमच्या तक्त्यात सर्वांत खालच्या ओळीचा आकडा १ आहे. एका बाईंनी लिहिले होते, ‘पाकिटावरची तारीख हात लागला की पुसली जाते.’ हा विषय माझ्या कोणत्याही शब्दयादीत नव्हता आणि असण्याचे कारणही नव्हते. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर तारीख असणे कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून ती ओळ ‘इतर’मध्ये न टाकता स्वतंत्र ठेवली आणि शाई त्याच आठवड्यात बदलली.